बिऱ्हाड कुणाच्या नोकरीमागे हलवायचं?

जोगेश्वरी पूर्वेला, मेघवाडीच्या बाजूला राहणारं एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, ऑफिस गोरेगावला. ती औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे, ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, शाळा चालत दहा मिनिटांवर. दोन इमारती सोडून तिची आई राहते. शाळा सुटल्यावर मुलं आजीकडे जेवतात, तिथेच अभ्यासाला बसतात आणि संध्याकाळी घरी येतात. एकाच महिन्यात दोघांनाही नव्या नोकऱ्यांचे देकार येतात. त्याला बंगळुरूहून, वर्षाला 34 लाख. तिला हैदराबादहून, 24 लाख. सध्या त्याला 26 मिळतात, तिला 18.

हे जोडपं मी उदाहरणासाठी उभं केलं आहे, पण ते कुणाला अनोळखी वाटू नये. या घरात पुढचे पंधरा दिवस काय होणार, याचाही अंदाज करता येतो. भांडण होणार नाही. दोघं शिकलेली आहेत, एकमेकांच्या कामाचा मान राखणारी आहेत. ती कागद घेऊन बसतील, दोन आकडे शेजारी-शेजारी लिहितील आणि कुणीतरी म्हणेल, ‘चौतीस आणि चोवीस. यात विचार करण्यासारखं काय आहे?’

माझं म्हणणं असं की विचार करण्यासारखं सगळं तिथूनच पुढे सुरू होतं.

नवरा म्हणेल तिथे घर

हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण तो कोर्टात जाऊन आलेला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली नवरा किंवा बायको कारणाशिवाय वेगळं राहत असेल, तर दुसऱ्याला ‘सहजीवन पुन्हा सुरू करा’ असा दावा लावता येतो. नोकरी करणाऱ्या बायका वाढल्या तसे या कलमाखाली एका विशिष्ट प्रकारचे दावे येऊ लागले. बायकोची नोकरी एका गावी, नवरा दुसऱ्या गावी, आणि नवऱ्याचं म्हणणं की तिने नोकरी सोडून माझ्याकडे यावं.

सत्तरच्या दशकात पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कैलासवती विरुद्ध अयोध्या प्रकाश या खटल्यात याचं उत्तर दिलं. बायको शिक्षिका होती. पीठाचं म्हणणं थोडक्यात असं, की घर कुठे करायचं हे ठरवण्याचा हक्क नवऱ्याचा आणि त्याच्या घरी राहणं हे बायकोचं कर्तव्य. तिने नोकरी त्याच्या संमतीने धरली असली तरी त्याने हे कर्तव्य बदलत नाही.

त्यानंतर थोड्याच काळात, 1978 साली, दिल्ली उच्च न्यायालयापुढे स्वराज गर्ग विरुद्ध के. एम. गर्ग हा खटला आला. लग्न 1964 चं. बायको लग्नाआधीपासून पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या सुनाम इथे शिक्षिका होती आणि पुढे मुख्याध्यापिका झाली. नवरा परदेशात राहून आलेला, चांगला शिकलेला, पण दिल्लीत त्याला मनासारखी, टिकाऊ नोकरी मिळत नव्हती. घर कुठे करायचं हे दोघांनी लग्नापूर्वी ठरवलेलंच नव्हतं. ती सुनामला राहिली, तो दिल्लीला, आणि मग त्याने दावा लावला.

न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या निकालाने हा दावा फेटाळला. घर कुठे असावं यात हिंदू बायकोला काही बोलण्याचा अधिकार नाही, असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. दोघांचं एकमत होत नसेल तेव्हा निर्णायक मत नवऱ्याचं असं धरलं, तर ते घटनेच्या चौदाव्या कलमातल्या समानतेला सोडून होईल. तिची नोकरी चांगली होती, त्याची नव्हती. तिने ती सोडून दिल्लीला यायला हवं होतं असं म्हणायला आधार नव्हता.

हा निकाल वाचून बरं वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण त्यातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ‘नवऱ्याचं मत जास्त वजनाचं नाही’ एवढं समानतेचं तत्त्व सांगू शकलं. पण कुणी हलायचं, हे ते सांगू शकलं नाही. दोन समान मतं आमनेसामने आली की बरोबरी होते, आणि बरोबरी सोडवायला तिसरं काहीतरी लागतं. कोर्टाने ते तिसरं म्हणून परिस्थिती पाहिली : कुणाची नोकरी जास्त चांगली, कुणाचं नुकसान जास्त.

सुनामच्या मुख्याध्यापिकेला ही कसोटी उपयोगी पडली. जोगेश्वरीतल्या कागदावर मात्र तीच कसोटी बहुतेक वेळा उलट्या बाजूने निकाल देते. ‘नवरा म्हणेल तिथे’ हा नियम गेला आणि त्याच्या जागी ‘जास्त पगार असेल तिथे’ हा आला. नवा नियम माणूस पाहत नाही, फक्त आकडा पाहतो, म्हणून तो न्याय्य वाटतो.

आधी बेरीज तरी बरोबर करू

या नियमाला नैतिक आक्षेप घेण्याआधी एक साधी गोष्ट सांगायला हवी. घरात हा नियम बहुतेकदा चुकीच्या पद्धतीने लावला जातो. दोन देकारांची तुलना होते. तुलना व्हायला हवी दोन संसारांची.

जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने 1978 मध्ये, म्हणजे योगायोगाने त्या निकालाच्याच वर्षी, कुटुंबांच्या स्थलांतरावर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा सोपा होता. कुटुंब हलतं तेव्हा एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा यांची बेरीज होते. बेरीज अधिक आली तर कुटुंब हलतं, मग त्यात एकाचं नुकसान झालं तरी. अशा माणसाला त्याने बांधून नेलेला म्हटलं. आपण ‘ओढला गेलेला’ म्हणू. उलट, एकट्याने गेला असता तर ज्याचं भलं झालं असतं, पण कुटुंबासाठी जो थांबला, तो ‘अडकून राहिलेला’.

आता आपल्या जोडप्याचा कागद पुन्हा घेऊ. जोगेश्वरीतच राहिले तर 26 आणि 18, मिळून वर्षाला 44 लाख. दोन वर्षांचे 88. पगारवाढ आणि कर दोन्हीकडे सोडून देऊ, म्हणजे हिशेब स्वच्छ दिसेल.

बंगळुरूला गेले तर त्याचे 34. तिचं काय? औषध कंपन्या तिथेही आहेत, पण तिच्या प्रकारचं काम हैदराबादइतकं नाही. समजा नोकरी शोधायला सहा महिने लागले आणि 14 लाखांची मिळाली. पहिल्या वर्षी तिचे 7, दुसऱ्या वर्षी 14. दोन वर्षांचे दोघांचे मिळून 89 लाख. ‘चौतीस’ हा आकडा ऐकून जे घर हलायला निघालं होतं, त्याच्या हातात जागेवर बसून राहण्यापेक्षा दोन वर्षांत एक लाख जास्त.

हैदराबादला गेले तर तिचे 24. सॉफ्टवेअरचं काम तिथे भरपूर. समजा त्याला तीन महिने लागले आणि पगार आहे तेवढाच, 26, मिळाला. पहिल्या वर्षी त्याचे साडेएकोणीस, दुसऱ्या वर्षी 26. दोन वर्षांचे मिळून साडेत्र्याण्णव लाख. लहान दिसणारा देकार मोठा निघाला.

कारण उघड आहे. त्याचं कौशल्य कुठेही चालतं, तिचं ठरावीक शहरांतच चालतं. देकार किती मोठा, यापेक्षा मागून जाणारा माणूस तिथे कसा उतरेल, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

या कागदावर अजून एक ओळ राहिली आहे, आणि ती सहसा राहतेच. ती म्हणजे आजी. दुपारी एक ते सहा दोन मुलांना सांभाळणं, जेवू घालणं, एखादं आजारी पडलं तर घरी थांबणं, या कामाचा पगार कुठे दिसत नाही, कारण तो कुणी देत नाही. नव्या शहरात तो द्यावा लागेल. महिन्याला 15 हजार धरले तर दोन वर्षांत 3 लाख 60 हजार. ते वजा केले की बंगळुरूचे 89 खाली येऊन 85 लाख 40 हजार होतात, म्हणजे हलून तोटा. हैदराबाद 89 लाख 90 हजारांवर येतं, म्हणजे थांबण्यापेक्षा जेमतेम दोन लाख जास्त. इथे ‘हलायचंच कशाला?’ हा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने टेबलावर येतो.

यातले ‘सहा महिने’, ‘14 लाख’, ‘तीन महिने’ हे आकडे मी समजा म्हणून घेतले आहेत. खऱ्या घरात ते अंदाजाने भरायचे नाहीत. देकार स्वीकारण्यापूर्वी मागून जाणाऱ्याने त्या शहरात खरोखर अर्ज करावेत आणि किती ठिकाणांहून बोलावणं येतं ते मोजावं. ‘तुला काय, कुठेही मिळेल’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी तो पुरावा नाही. तीन-चार आठवड्यांत एकही मुलाखत लागली नाही, तर कागदावरचे सहा महिने बारा करावेत. दुसरं, ग्रॅच्युइटीसाठी एकाच ठिकाणी सलग पाच वर्षं नोकरी लागते. तिची सव्वाचार झाली असतील आणि मूळ पगार महिना 75 हजारांच्या आसपास असेल, तर नऊ महिने आधी निघण्याची किंमत दोन लाखांहून जास्त आहे. हैदराबादचा उरलेला फायदा तिथेच संपतो.

मुलांच्या नावाने

बेरीज झाली की मुलांचं नाव निघतं. निघायलाच हवं. पण ते दोन वेगवेगळ्या कामांसाठी निघतं, आणि ती वेगळी ओळखायला हवीत.

पहिलं काम खरं आहे. चौथीतला मुलगा आणि आठवीतली मुलगी यांची परिस्थिती सारखी नाही. मुलगा जून महिन्यात नव्या शाळेत गेला तर दिवाळीपर्यंत त्याला नवे मित्र मिळण्याची शक्यता बरीच आहे. मुलीचं तसं नाही. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीतच होते आणि दहावीला थेट प्रवेश पालकांची बदली वगैरे मोजक्या कारणांनीच मिळतो. म्हणजे तिच्यासाठी दोनच सोयीच्या वेळा आहेत : नववी सुरू होण्याआधीचा उन्हाळा, नाहीतर दहावी झाल्यानंतरचा. अधली वेळ महागाची. शिवाय कर्नाटक आणि तेलंगणा दोन्ही राज्यांनी शाळांमध्ये आपापली भाषा शिकवणं कायद्याने सक्तीचं केलं आहे. आठवीपर्यंत मराठी शिकलेल्या मुलीला नववीत कन्नड किंवा तेलुगू कोणत्या पातळीची घ्यावी लागेल, सूट मिळते का, हे त्या शाळेत जाऊन विचारायचं असतं, आणि तेही शाळा सोडल्याचा दाखला काढण्यापूर्वी. ‘मुलांचं कसं होईल?’ या प्रश्नाची अशी ठोस, तारखा असलेली उत्तरं असतात.

दुसरं काम वेगळं आहे. तिथे मुलांचं नाव ढालीसारखं पुढे धरलं जातं. ती ओळखायची एक सोपी परीक्षा आहे : वाक्य तेच ठेवा आणि फक्त नोकरी कुणाची ते बदला. बंगळुरूची चर्चा असते तेव्हा घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘मुलं काय, लहान आहेत, जुळवून घेतात.’ हैदराबादची चर्चा निघाली की तीच माणसं म्हणतात, ‘अगं, पण मुलांच्या शाळेचं काय?’ मुलं तीच, शाळा तीच, अंतरही साधारण सारखंच. बदलली ती फक्त नोकरी. मुलांचं हित जर एका शहराच्या बाबतीत आड येत असेल आणि दुसऱ्याच्या बाबतीत येत नसेल, तर बोललं जातंय ते मुलांबद्दल नाही.

एकाने पुढे जायचं आणि बाकीच्यांनी मुलीच्या दहावीपर्यंत थांबायचं, या पर्यायालाही हीच परीक्षा लावता येते. बाबा परगावी आणि आई मुलांबरोबर जोगेश्वरीत, हे सोसायटीत कुणाला वेगळं वाटत नाही. आई परगावी आणि बाबा मुलांबरोबर, यावर मात्र लिफ्टमध्येसुद्धा प्रश्न येतात. हा पर्याय वाईट नाही, पण तो दोन अटींवर चालतो. शेवटची तारीख आधी ठरलेली हवी, आणि मागे राहणाऱ्याच्या वाट्याला आलेलं एकट्याचं पालकत्व हेही कागदावर खर्च म्हणून लिहिलेलं हवं.

मुलांना विचारावं का? विचारावं, पण मत मागू नये. आठवीतल्या मुलीला ‘आईच्या नोकरीसाठी जाऊ की बाबांच्या?’ असं विचारणं म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं तिच्या डोक्यावर देणं आहे. ‘तुला काय सुटलं तर सगळ्यात जास्त वाईट वाटेल?’ हे विचारता येतं. उत्तर पुष्कळदा शाळा नसतं. एखादी मैत्रीण असते, कबड्डीचा संघ असतो, आजी असते. निर्णय आपण घ्यायचा, पण आपण काय तोडतो आहोत हे माहीत असून घ्यायचा.

हलणाऱ्याचं काय जातं

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. समजा बेरीज नीट केली, मुलांचा विचार प्रामाणिकपणे केला. मग जिकडे बेरीज जास्त तिकडे जाणं न्याय्य का नाही?

याचं एक उत्तर जिल्हा परिषदेच्या शाळांत सापडतं. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा स्वतंत्र संवर्ग आहे. जिल्ह्याअंतर्गत बदल्यांच्या 2017 च्या धोरणात दोघांच्या शाळांमध्ये 30 किलोमीटरहून जास्त अंतर असेल, तर एकाला जवळ येण्यासाठी अर्ज करता येतो. जिल्हेच वेगळे असतील तर आंतरजिल्हा बदली मागावी लागते. ती मिळाली की एक अट सोबत येते : नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता हजर झाल्याच्या दिवसापासून धरली जाते. बारा वर्षं शिकवलेला माणूस नव्या जिल्ह्याच्या यादीत तळाशी जातो.

शासन इथे दोन गोष्टी मान्य करतं. नवराबायकोने एकत्र राहणं मोलाचं आहे, आणि त्याची किंमत आहे. ती किंमत हलणारा एकटा भरतो, ज्याच्याकडे हलला तो नाही. कुणी हलायचं यावर शासन काहीच बोलत नाही. ते घरात ठरतं. सर्वोच्च न्यायालयानेही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका बँक अधिकाऱ्याच्या प्रकरणात साधारण हेच म्हटलं होतं : एका ठिकाणी नेमणूक शक्यतो द्यावी, पण तो हक्क नाही. देशभर बदली होणारी नोकरी धरताना करिअर आणि कुटुंब यातली निवड सुरुवातीलाच करावी लागते. अडचण अशी की ही निवड एक जोडपं एकत्र करत असलं, तरी तिचा परिणाम एकाच्याच सेवापुस्तकात दिसतो.

खासगी नोकरीत सेवापुस्तक नसतं, त्यामुळे तो परिणाम कुठेच लिहिला जात नाही. आपल्या जोडप्यात ती जोगेश्वरीला असताना घरातल्या मिळकतीचा 41 टक्के भाग आणत होती. बंगळुरूला गेल्यावर 48 लाखांत तिचे 14, म्हणजे 29 टक्के. आता तीन वर्षांनी तिला पुण्याहून 22 लाखांचा देकार आला असं धरू. तिच्यासाठी ही मोठी उडी आहे. कागद पुन्हा निघतो. पुण्यात त्याला 28 मिळतील असं दिसतं. म्हणजे मिळून 50, आताच्या 48 पेक्षा दोन जास्त. पण त्याला नोकरी मिळेपर्यंतचे तीन महिने वजा केले तर पहिल्या वर्षी सात लाख जातात. दोन वर्षांची बेरीज उणे. ‘आत्ता नको, पुढे बघू.’

यात कुणी दुष्टपणा केला नाही. दोन्ही वेळा बेरीज प्रामाणिक होती. पण पहिल्या निर्णयाने दुसऱ्या निर्णयातले आकडे लिहून ठेवले होते. जो एकदा ओढला गेला त्याचा आकडा लहान होतो, आणि आकडा लहान असतो म्हणून तो पुन्हा ओढला जातो.

आणि पहिला कागद निघायच्या बराच आधी आणखी एक निर्णय झालेला असतो. मुलीला बी.एड. कर म्हणून सांगणारे आईवडील कारण काय देतात? ‘लग्नानंतर कुठेही गेलीस तरी नोकरी मिळेल.’ म्हणजे ओढलं जाण्याची तयारी अभ्यासक्रम निवडतानाच झालेली असते. कुठेही चालणारं कौशल्य आहे म्हणून ती हलते असं आपण पुढे म्हणतो, पण तिने हलावं म्हणूनच ते कौशल्य तिला दिलेलं असतं. सॉफ्टवेअरवाल्या नवऱ्याला हैदराबादला न्यायला निघालेली बेरीज म्हणूनच अनेकांना विचित्र वाटते. कुठेही चालणारं काम पुरुषाकडे असलं की ते ‘हलवण्याचं’ कारण आहे हे एकदम कुणाच्या लक्षात येत नाही.

हलून चांगलं झाल्याची उदाहरणंही आहेत, आणि ती नेहमी पुढे केली जातात. कमला सोहोनी केंब्रिजहून 1939 मध्ये पीएच.डी. होऊन आल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात आणि मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून काम केलं. कुन्नूरला पुढे बढतीची वाट स्पष्ट नव्हती. 1947 मध्ये विमागणिती असलेल्या एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न करून त्या मुंबईला आल्या. पुढे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर केलेलं काम नावाजलं गेलं. या गोष्टीतून ‘कर्तबगार बाई कुठेही उभी राहते’ असा धडा काढायचा मोह होतो. पण मुंबईत जीवरसायनशास्त्राला जागा देणारी संस्था होती, हे विसरून चालणार नाही. कर्तबगारी त्यांची होती. उतरायला जागा मिळणं ही शहराची देणगी होती. ज्यांच्या शहरात तशी जागा नव्हती, त्या बायकांची चरित्रं लिहिली गेली नाहीत.

पाळीचा शब्द

मग उपाय काय? बहुतेक समंजस जोडपी एका उपायापाशी येतात : पाळी. या वेळी तुझ्यासाठी, पुढच्या वेळी माझ्यासाठी. मलाही हाच उपाय योग्य वाटतो, कारण संसार हा एक निर्णय नसून निर्णयांची मालिका आहे, आणि न्याय त्या मालिकेत पाहायचा असतो. एका वेळी एकजण जास्त देतो यात अन्याय नाही. दर वेळी तोच देतो यात आहे.

पण पाळी बहुतेकदा मोडते, आणि का मोडते हे वर दिसलंच. ‘पुढच्या वेळी तुझी पाळी’ असं म्हणताना मनात एक अट न बोलता धरलेली असते : ‘तेव्हा परवडत असेल तर.’ आणि पहिल्या हलण्यामुळेच ते तेव्हा परवडेनासं झालेलं असतं. पुण्याच्या देकाराच्या वेळी कागद उणे दाखवतो आणि दोघंही, अगदी तीसुद्धा, कागदाचं ऐकतात.

इथे शब्द देण्याचा अर्थ नीट पाहावा लागतो. जे आपल्या फायद्याचंच आहे ते करायला शब्द द्यावा लागत नाही, ते आपण तसंही केलं असतं. शब्दाचं काम सुरू होतं ते पाळताना तोटा होतो तेव्हा. म्हणून पाळीचा शब्द द्यायचाच तर तो ‘बेरीज उणे आली तरी’ असा द्यावा लागतो. किती उणे, हेही तेव्हाच ठरवता येतं. दोन वर्षांत सात-आठ लाखांपर्यंतचा तोटा घर सोसेल, त्यापलीकडे पुन्हा बोलू, असं. हा आकडा म्हणजे पहिल्या वेळी ज्याने नुकसान सोसलं त्याचं देणं आहे. दुसऱ्या वेळी त्याला खर्च म्हणून मोजणं म्हणजे घेतलेलं कर्ज फेडताना ‘एवढा खर्च कशाला?’ म्हणून विचारण्यासारखं आहे.

असा शब्द पाळायला सोपा व्हावा म्हणून तो तारखेशी बांधता येतो. मुलीची दहावी ही तयार तारीख आहे. ती संपेल तो उन्हाळा या घरात पुन्हा कागद काढण्याचा. तेव्हा आधी तिचे देकार पाहायचे, मग त्याचे. आणि दरम्यानच्या काळात तिचा आकडा लहान होऊ नये म्हणून जे लागेल, एखादा अभ्यासक्रम असेल, परिषदेला जाणं असेल, घरकामाला माणूस ठेवणं असेल, त्याचा खर्च वाढलेल्या 8 लाखांतून आधी काढायचा. ती वाढ त्याच्या खात्यात जमा होत असली तरी अर्धी तिने मोजलेल्या किमतीतून आलेली आहे.

तरीही काही घरांत याने भागणार नाही. एकाचं काम असं असतं की ते एकाच शहरात होतं, किंवा घरात आजारी माणूस असतो, किंवा एकाला खरोखरच करिअरमध्ये फारसा रस नसतो आणि तसं तो मोकळेपणाने म्हणतो. अशा घरात एकच जण दोनदा हलला तर त्यात गैर नाही. अट एवढीच की ते त्याने स्वतः म्हटलेलं असावं, आणि वाक्यात नोकरी उलटी करून पाहिली तरी घरातल्या सगळ्यांना ते तेवढंच सहज वाटावं.

सुनामच्या मुख्याध्यापिकेला कोर्टाने एवढंच दिलं की तिचं मत नवऱ्याच्या मताइतकं मोजलं जाईल. ते मोठं होतं. त्यापुढचं कोर्टाला देता येत नाही, कारण कोर्टापुढे एक दावा येतो आणि संसारात दहा-वीस वर्षांची निर्णयांची रांग असते. मागच्या वेळी कुणी काय सोडलं हे लक्षात ठेवणारं दुसरं कुणी नसतं. कागदावर ती पहिली ओळ लिहायची असते, आणि पगाराचे आकडे तिच्या खाली.